नोकरीचा शोध, या कानाचे त्या कानाला न कळता

लिंक्डइनवर ‘दुसऱ्या नोकरीचा विचार आहे’ हे दोन प्रकारे सांगता येते. पहिला प्रकार सर्वांना दिसतो. प्रोफाइलवरच्या फोटोला हिरवी कड येते, तिच्यावर #OpenToWork अशी अक्षरे असतात, आणि सहकारी, जुने शिक्षक, शेजारी, बॉस अशा कोणाच्याही नजरेस ती पडते. दुसऱ्या प्रकारात प्रोफाइल बाहेरून जसेच्या तसे राहते. खूण उमटते ती फक्त रिक्रूटरच्या, म्हणजे उमेदवार शोधणाऱ्या व्यावसायिकाच्या, वेगळ्या पडद्यावर. ज्याची नोकरी गेली आहे त्याला पहिला प्रकार सोयीचा असतो, कारण त्याच्यापाशी लपवण्यासारखे काही उरलेले नसते. नोकरीत असलेल्याच्या कामाचा दुसरा. मात्र दुसरा प्रकार निवडला म्हणजे आपल्या कंपनीला काहीच कळणार नाही, ही समजूत पुरती खरी नाही. तशी हमी देता येत नाही, असे लिंक्डइन स्वतःच सांगते.

गंमत अशी की यातला गुप्त प्रकार आधी आला. ऑक्टोबर 2016 मध्ये लिंक्डइनने ‘ओपन कँडिडेट्स’ नावाने ही सोय सुरू केली. नोकरीत असलेली माणसे उघडपणे शोध घेत नाहीत, आणि रिक्रूटरना तर नेमकी तीच हवी असतात, हा त्यामागचा हिशेब होता. हिरवी कड 2020 मध्ये आली, करोनाच्या काळात लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा. त्यामुळे ‘ओपन टू वर्क’ म्हटले की बहुतेकांना आज ती कडच आठवते, आणि तिच्यामागे असलेली जुनी, शांत सोय नजरेआड राहते.

गुप्तता लागते ती कायद्याच्या भीतीने नव्हे. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार कोणालाही आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरतो. नोकरीचा करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन न्यायालये मान्य करतात. कल्याणच्या एका कारखान्यातून मुदतीआधीच प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली तसा निकाल दिला. पण ते बंधन दुसरीकडे काम करण्यावर आहे. शोध घेणे ही निराळी गोष्ट. अडचण येते ती रोजच्या व्यवहारात. ‘हा जाणार’ असा वास लागला की चांगला प्रकल्प दुसऱ्याच्या हाती जातो, अप्रेझलच्या वेळी हात आखडता घेतला जातो, परदेशी पाठवायच्या यादीतून नाव गळते. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत नोटीस पीरियड 90 दिवसांचा असणे सर्रास आहे. म्हणजे शोधाचे काही महिने आणि नोटिशीचे तीन, एवढा काळ त्याच लोकांच्या मध्ये बसून काढायचा असतो.

भिंत कशी उभी राहते

गुप्त खूण कोणाला दिसते हे समजण्यासाठी रिक्रूटरच्या पडद्याकडे पाहावे लागते. लिंक्डइनचे नेहमीचे खाते सर्वांकडे असते. त्याखेरीज ‘लिंक्डइन रिक्रूटर’ नावाचे एक वेगळे, पैसे मोजून घ्यायचे साधन आहे. कंपन्या आणि भरती करून देणाऱ्या कन्सल्टन्सी ते आपल्या माणसांसाठी विकत घेतात. त्यात हुद्दा, शहर, अनुभव यांच्या चाळण्या लावून उमेदवार शोधता येतात, आणि त्यातलीच एक चाळणी ‘नव्या कामासाठी तयार’ असलेल्यांची असते. Recruiters only हा पर्याय निवडला की खूण फक्त या साधनात उमटते. तेव्हा इथे ‘रिक्रूटर’ म्हणजे हे साधन हाती असलेला माणूस. एखाद्याने प्रोफाइलवर स्वतःला रिक्रूटर म्हणवले, पण त्याच्याकडे साधन नसेल, तर त्याला काही दिसत नाही. उलट हुद्दा काहीही असो, साधन हाती असेल तर दिसते.

आता आपल्याच कंपनीतल्या रिक्रूटरकडेही हे साधन असणार. त्याच्यापासून खूण लपवण्यासाठी लिंक्डइन दोन गोष्टी ताडून पाहते. एक, साधन वापरणारा कोणत्या कंपनीचा. दुसरी, उमेदवाराच्या प्रोफाइलवर सध्याची कंपनी कोणती. दोन्ही एकच निघाल्या, किंवा लिंक्डइनला ठाऊक असलेल्या नात्याने जोडलेल्या निघाल्या, की त्या रिक्रूटरला खूण दाखवायची नाही. सगळी भिंत या जुळणीवर उभी आहे. जुळणी यंत्र करते, आणि यंत्राला प्रोफाइलवर लिहिलेले तेवढेच कळते.

पहिले भगदाड इथेच पडते. सध्याच्या नोकरीची नोंद करताना कंपनीचे नाव नुसते टाइप करून पुढे जाता येते, किंवा खाली येणाऱ्या यादीतून कंपनीचे अधिकृत पान निवडता येते. पान निवडले की नावाशेजारी कंपनीचे बोधचिन्ह येते. नुसतेच टाइप केले तर बहुधा राखाडी, कोरी चौकट दिसते. अशा नोंदीत कंपनीचे नाव वाचणाऱ्याला कळते, पण यंत्राच्या लेखी ती नुसती अक्षरे असतात आणि जुळणीचा आधारच सुटतो. काही जण तर नोकरी सुटल्याचा भास व्हावा म्हणून सध्याच्या नोकरीला शेवटची तारीख घालून ठेवतात. त्यांची भिंत पडलीच म्हणायची, कारण प्रोफाइलनुसार ते आता त्या कंपनीत नाहीतच.

दुसरे भगदाड उद्योगसमूहांचे. एका छत्राखाली दहा कंपन्या असतात, प्रत्येकीचे पान वेगळे असते, आणि त्या पानांचे आपसातले नाते नोंदलेले असेलच असे नाही. कंपनी नुकतीच विकत घेतली गेली असेल, तर जुने आणि नवे नाव काही काळ शेजारी शेजारी नांदतात. अशा वेळी भगिनी कंपनीच्या एचआरला खूण दिसू शकते, आणि समूहाच्या एचआर मंडळींचे एकमेकांशी बोलणे असतेच.

तिसरे भगदाड बुजवताच येत नाही, आणि बहुतेक बातम्या तिथूनच फुटतात. कंपनीची भरती अनेकदा बाहेरच्या कन्सल्टन्सीकडे सोपवलेली असते. तिथला माणूस रोज आपल्याच कंपनीसाठी उमेदवार शोधतो, पण त्याचे साधन कन्सल्टन्सीच्या नावावर असते. यंत्राच्या दृष्टीने तो परका, म्हणून त्याला खूण दिसते. ग्राहक कंपन्यांचे तसेच. पुण्यातल्या किंवा बेंगळुरूतल्या सेवा कंपनीचा अभियंता वर्षानुवर्षे एखाद्या बँकेच्या कामावर बसलेला असतो. बँकेच्या रिक्रूटरला त्याची खूण दिसणार. एकमेकांची माणसे ओढायची नाहीत, असे कलम त्या दोन कंपन्यांच्या करारात असले, तर बँकेतला कोणी तरी सद्‌भावनेने फोन उचलून विचारतो, ‘तुमचा अमुक जायचे म्हणतोय का?’ यात कोणी चोरून पाहिलेले नसते, नियमही मोडलेला नसतो. पण खबर पोचते.

क्रम महत्त्वाचा

समजा, हिंजवडीतल्या एका सेवा कंपनीत नऊ वर्षांचा अनुभव असलेली टेस्ट इंजिनिअर आहे. कंपनी एका मोठ्या समूहाची आहे. तिचे काम एका विमा कंपनीसाठी चालते. नोटीस 90 दिवसांची. तिला टेस्ट लीड व्हायचे आहे आणि पुणे सोडायचे नाही. घाईघाईत अशी माणसे रविवारी दुपारी बसतात, फोटो बदलतात, तीन वर्षे न शिवलेली माहिती एका बैठकीत भरतात, चार सहकाऱ्यांकडे शिफारशी मागतात आणि मग गुप्त पर्याय निवडून निर्धास्त होतात. सोमवारी मॅनेजर विचारतो, ‘काय, प्रोफाइल एकदम चकाचक?’ खूण गुप्तच राहिली, बोलका ठरला तो तिच्या आधीचा गडबडगुंडा. म्हणून खूण सगळ्यांत शेवटी लावायची.

तिने आधी पाहावे की लिंक्डइनचे खाते कोणत्या ईमेलवर आहे. कधी काळी ऑफिसच्या पत्त्यावर उघडलेली खाती बरीच असतात. मग रिक्रूटरच्या संदेशांच्या आणि नोकऱ्यांच्या सूचना ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये, म्हणजे कंपनीच्या मालकीच्या जागेत, येऊन पडतात. खासगी पत्ता जोडून तोच मुख्य करायचा. पुढची सगळी कामे घरच्या यंत्रावर, घरच्या इंटरनेटवर करायची. ऑफिसच्या लॅपटॉपवर काय उघडले याची नोंद ठेवण्याची साधने कंपनीकडे असू शकतात, आणि नोकरी घेताना सही केलेल्या कागदांत त्याला संमतीही असते. खासगी फोन ऑफिसच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर कोणत्या संकेतस्थळावर गेलो एवढे तरी तिथे उमटतेच.

त्यानंतर प्रोफाइलमधले बदल इतरांना कळवण्याची सोय बंद करायची. Settings & Privacy मध्ये Visibility या विभागात ती आहे, आणि नोकरीची नोंद बदलताना Notify network असे एक छोटे बटणही समोर येते. दोन्ही बंद असावीत. याने बदल लपत नाहीत. जो प्रोफाइल उघडून पाहील त्याला ते दिसतीलच. फक्त दवंडी पिटली जात नाही. मग बदल थोडे थोडे करायचे. एका आठवड्यात कामाचे वर्णन, पुढच्या आठवड्यात कौशल्ये, फोटो त्यानंतर कधी तरी. शिफारशी मागायच्याच असतील तर जुन्या कंपनीतल्या माणसांकडून. सध्याच्या टीममधल्या तिघांनी एकाच महिन्यात कोणाची स्तुती लिहिली की त्याचा अर्थ कोणालाही लागतो.

दोन-तीन आठवड्यांनी नोंदीतली कंपनी पानाला जोडलेली आहे आणि तिला शेवटची तारीख नाही, हे एकदा पाहून घ्यायचे. मग प्रोफाइलवरच्या Open to या बटणातून Finding a new job उघडायचे. तिथे हवे असलेले हुद्दे विचारतात, आणि ते पाचपर्यंत देता येतात. पाचही भरण्याच्या मोहात माणसे ‘मॅनेजर’पासून ‘कन्सल्टंट’पर्यंत काहीही लिहितात आणि मग नको ते फोन घेत बसतात. टेस्ट लीड, क्यूए लीड आणि ऑटोमेशन लीड एवढे या उदाहरणात पुरे. ठिकाण पुणे. कामाची पद्धत ऑफिसातून, घरून की दोन्ही मिळून, ते सांगायचे. कधी रुजू होणार या प्रश्नाला दोन उत्तरे असतात, ताबडतोब किंवा सवडीने. 90 दिवसांच्या नोटिशीवाल्याने दुसरेच निवडावे, पहिले खोटे ठरते. सर्वांत खाली खरा प्रश्न येतो, हे कोणाला दिसावे? All LinkedIn members आणि Recruiters only. एका क्षणाच्या चुकीने पहिले निवडले गेले तर फोटोला कड येते. म्हणून जतन करण्यापूर्वी ही ओळ दोनदा वाचावी.

जतन केल्यावर आपल्याच प्रोफाइलवर ‘नव्या कामासाठी तयार’ अशी चौकट दिसू लागते आणि छातीत धस्स होते. ती चौकट आपल्याला दिसते, इतरांना नाही. खात्री करायची तर घरच्या कोणाच्या खात्यातून आपले प्रोफाइल उघडून पाहावे. कड नाही, चौकट नाही, म्हणजे सर्वसामान्यांपासून ते लपलेले आहे. पण आपल्या कंपनीच्या रिक्रूटरला काय दिसते, हे तपासायला सामान्य माणसाकडे साधन नाही. तिथे जुळणीवरच भरवसा ठेवावा लागतो.

आपणच देत असलेल्या खुणा

आपल्याकडे हे सगळे पाळूनही माणसे एका जागी हमखास सापडतात. कोणी नोकरीची जाहिरात टाकतो, खाली शे-दोनशे जणांच्या प्रतिक्रिया येतात, ‘इंटरेस्टेड’, ‘प्लीज चेक डीएम’, किंवा जाहिरात अधिक लोकांपर्यंत जावी म्हणून लिहिलेले ‘सीएफबीआर’. प्रतिक्रिया सार्वजनिक असते. ती लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर हालचालींच्या यादीत दिसते आणि लिंक्डइन ती त्याच्या ओळखीच्यांसमोर आपणहून नेऊन ठेवते. भिंत उभी करून मागचे दार सताड उघडे टाकण्यातला हा प्रकार. जाहिरात आवडली तर टाकणाऱ्याला थेट संदेश पाठवावा, किंवा तीच जागा कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून अर्ज करावा.

हेडलाइन आणि ‘माझ्याविषयी’ हा मजकूरही सर्वांसाठीच असतो. तिथे ‘नव्या संधींच्या शोधात’ असे लिहून खाली गुप्त पर्याय निवडलेली प्रोफाइल दिसतात. त्यांनी काय साधले ते त्यांनाच ठाऊक. शोध जाहीर न करता रिक्रूटरच्या चाळणीत सापडायचे असेल, तर हेडलाइनमध्ये कामाचे नेमके शब्द हवेत. कोणत्या क्षेत्रातले टेस्टिंग, कोणती साधने, किती वर्षे. ही माहिती सध्याच्या नोकरीची म्हणूनही शोभते, आणि बॉसने वाचली तरी तिच्यात वावगे काही नसते.

इतरांची प्रोफाइल पाहताना आपले नाव त्यांना दिसते, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसते. प्रतिस्पर्धी कंपनीतल्या पाच मॅनेजरांची प्रोफाइल एका संध्याकाळी चाळली, आणि त्यातला एक आपल्या बॉसचा जुना मित्र निघाला, तर बोलणे निघायला वेळ लागत नाही. पाहताना नाव लपवण्याचा पर्याय त्याच Visibility विभागात आहे. विनाशुल्क खात्यात त्याची किंमत अशी, की तो चालू असेपर्यंत आपले प्रोफाइल कोणी पाहिले तेही आपल्याला कळत नाही. आणि तेच तर अशा वेळी उपयोगी पडते. आपल्याच कंपनीच्या एचआरमधले, कधी संबंध न आलेले नाव त्या यादीत अचानक दिसले, तर कुठे तरी कुजबुज झाल्याची शंका घ्यायला जागा असते. त्यामुळे नाव लपवणे कायमचे नको. कंपन्या चाळायच्या त्या वेळेपुरते चालू करून पुन्हा बंद करावे.

नोकरी डॉट कॉमचे गणित वेगळे

भारतात शोध फक्त लिंक्डइनवर होत नाही. 1997 मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमवर कन्सल्टन्सींची भिस्त अजूनही मोठी आहे. तिथे वेगळी खूण लावावी लागत नाही, कारण त्या ठिकाणी ताजे प्रोफाइल असणे हीच खूण. उमेदवारांचा साठा ‘रेसडेक्स’ या नावाने कंपन्यांना आणि कन्सल्टन्सींना वर्गणीवर मिळतो. त्यात नाव, सध्याची कंपनी, पगार, नोटीस पीरियड, सीव्ही आणि संपर्क असे सारे असते. शिवाय उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता, हेही दिसते. पाच वर्षांपूर्वी बनवून सोडून दिलेले प्रोफाइल कोणाला खटकत नाही. काल रात्री हात लागलेले प्रोफाइल मात्र बोलते.

इथे भिंत यंत्र आपणहून उभी करत नाही, उमेदवाराने उभी करायची असते. ज्या कंपन्यांना आपले प्रोफाइल दिसू नये त्यांची नावे सेटिंगमध्ये एकेक करून रोखता येतात. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरने तिथे कंपनीचे सध्याचे नाव द्यावे, जुने नाव वेगळे द्यावे, समूहातल्या भगिनी कंपन्या द्याव्यात आणि ग्राहक असलेली विमा कंपनीही द्यावी. हे काम प्रोफाइल ताजे करण्याच्या आधी करायचे, नंतर नाही. मधल्या एका दिवसातही एचआरचा माणूस आपल्याच कंपनीचे नाव ‘सध्याची कंपनी’ या रकान्यात घालून शोध घेऊ शकतो. कोण कोण निघण्याच्या तयारीत आहे हे पाहण्याचा तो सोपा मार्ग आहे, आणि तो वापरला जातो.

नाव रोखूनही कन्सल्टंटचे खाते खुलेच राहते, कारण ते कोणा एका कंपनीचे नसते. शिवाय सीव्ही ही फाइल आहे. एकदा उतरवून घेतली की ती कन्सल्टंटच्या संगणकावर, त्याच्या एक्सेलच्या यादीत, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर राहते, आणि सेटिंग बदलून तिला परत बोलावता येत नाही. म्हणून साठ्यात ठेवायचा सीव्ही आणि मुलाखतीला द्यायचा सीव्ही वेगळे ठेवणे शहाणपणाचे. पहिल्यात ग्राहकाचे नाव न घालता ‘एका विमा कंपनीसाठी’ एवढेच लिहावे, घरचा पत्ता आणि जन्मतारीख गाळावी. सध्याच्या कंपनीचे नावही गाळून तिचे नुसते वर्णन देणारे असतात. वरच्या जागांसाठी ते चालते. मधल्या फळीत मात्र नाव नसलेला सीव्ही बरेच कन्सल्टंट बाजूला ठेवतात.

माणसांवर ठेवायचा ताबा

फोन येऊ लागले की सेटिंगचे राज्य संपते. कन्सल्टंट बहुधा सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे माणूस ऑफिसात बसलेला असतानाच, फोन करतो. ‘आत्ता बोलता येत नाही, सात वाजता करा’ एवढे सांगून ठेवायचे आणि संध्याकाळी पहिला प्रश्न विचारायचा तो कंपनीच्या नावाचा. अनेक जाहिरातींत नाव नसते; ‘एक नामांकित बहुराष्ट्रीय कंपनी’ एवढेच असते. ती नामांकित कंपनी आपलीच निघाल्याचे प्रसंग या व्यवसायातल्या माणसांना नवे नाहीत. एखाद्या विभागात कोणाला तरी बदलायचे असते, म्हणून कंपनी नाव न सांगता माणूस शोधते, आणि त्याच विभागातला कोणी अर्ज करून बसतो. नाव कळेपर्यंत सीव्ही द्यायचा नाही, हा नियम इथे पाळायलाच हवा. नाव सांगायला तयार नसलेल्या कन्सल्टंटला निदान आपल्या कंपनीचे आणि समूहाचे नाव सांगून ‘यांच्यासाठी असेल तर पाठवू नका’ असे लेखी कळवावे.

लेखी कळवण्यात आणखी एक गोष्ट असावी. ‘प्रत्येक कंपनीकडे पाठवण्याआधी मला विचारा.’ हे न सांगितल्यास एकच सीव्ही दोन कन्सल्टंटकडून एकाच कंपनीत जातो, उमेदवार नेमका कोणाचा यावर त्यांचे भांडण होते आणि कंपनी वैतागून तो अर्जच बाजूला सारते. बिचाऱ्या उमेदवाराला याचा पत्ताही नसतो. आणि इतक्या जणांच्या हाती सीव्ही फिरला की गुप्तता नावापुरतीच उरते.

ओळखीतून मिळणारा मार्ग याहून सुरक्षित वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. दुसऱ्या कंपनीतली मैत्रीण आपल्या कंपनीच्या रेफरल पोर्टलवर नाव टाकते, त्यात बाहेरचे कोणी नसते. पण मैत्रिणीच्या टीममध्ये आपल्या कंपनीतून गेलेली चार माणसे असतील, तर ती जुन्या मॅनेजरला ‘ही कशी आहे?’ असे सहज विचारतात. म्हणून मैत्रिणीला आधीच स्पष्ट सांगायचे की अजून आमच्याकडे कोणाला माहीत नाही, विचारणा करू नका. आणि नोकऱ्यांच्या जाहिराती फिरणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप टाळलेलेच बरे. तिथे नंबर उघडा, फोटो उघडा, आणि ग्रुपमधल्या अनोळखी माणसांत कोण कोणाचा कोण, ते कळायला मार्ग नाही.

एवढे करूनही बातमी फुटली तर ती कशी फुटली याचा अंदाज प्रश्नावरून येतो. मॅनेजर मोघम विचारतो, ‘सगळे ठीक आहे ना?’ तेव्हा बहुधा प्रोफाइलमधला बदल किंवा वाढत्या रजा त्याच्या नजरेत भरलेल्या असतात. तो हुद्द्याचे किंवा कंपनीचे नाव घेऊन विचारतो, तेव्हा सीव्ही कोणाच्या तरी हाती पोचलेला असतो. पहिल्या वेळी घाबरून प्रोफाइल जुन्यासारखे करण्याने शंका वाढते. ते तसेच राहू द्यावे. दुसऱ्या वेळी ‘मी अर्ज केलेलाच नाही’ असे ठोकून देऊ नये, कारण समोरच्याकडे कागद असू शकतो. ‘विचारणा आली होती, ऐकून घेतले’ हे बहुतेक वेळा खरेही असते आणि चालूनही जाते.

शेवटची गळती निवड झाल्यानंतरची. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासण्याचे काम बाहेरच्या संस्थेला देते, आणि ती संस्था उमेदवाराने दिलेल्या नोकऱ्यांच्या यादीप्रमाणे प्रत्येक एचआरला ईमेल पाठवते. त्या अर्जात सध्याच्या मालकाशी आत्ता संपर्क साधावा का, असा प्रश्न असतो. न वाचता ‘हो’ म्हटले, तर राजीनाम्याआधीच चौकशीचे पत्र ऑफिसात हजर होते. तिथे ‘राजीनामा दिल्यानंतर’ असे लिहावे आणि तोवर पगाराच्या पावत्या व नेमणूकपत्रावर काम चालवायला सांगावे. बहुतेक कंपन्यांना हा रिवाज मान्य असतो. संदर्भ म्हणून दोन नावे मागितली, तर ती जुन्या नोकरीतली द्यावीत.

राजीनामा दिला की लपवण्याचे कारण संपते, पण खूण बंद करण्याचे काम उरते. भिंत सध्याच्या कंपनीवर बेतलेली आहे, हे इथे पुन्हा आडवे येते. नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर प्रोफाइलवर जुनीच कंपनी राहिली आणि खूणही चालू राहिली, तर लिंक्डइन जुन्या कंपनीपासून ती लपवत राहते. नव्या कंपनीच्या रिक्रूटरला मात्र ती स्पष्ट दिसते: पंधरा दिवसांपूर्वी घेतलेली टेस्ट लीड, अजूनही नव्या कामासाठी तयार. नोकरी डॉट कॉमवरही तेच. रोखलेल्या कंपन्यांच्या यादीत नव्या कंपनीचे नाव नसते, आणि नोटीस पीरियडच्या रकान्यात ‘नोटिशीवर’ तसेच राहिलेले असते. म्हणून खूण बंद करणे, प्रोफाइलवर कंपनी बदलणे आणि रोखलेल्या यादीत नवे नाव घालणे ही तिन्ही कामे रुजू होण्याच्या आठवड्यातच उरकावी लागतात.